वेडिंग प्लॅनरची फी: टक्क्यांत की उक्ती? आणि व्हेंडरच्या कमिशनचं काय?

सायली_प

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि बराचसा हिशेब माझ्या गळ्यात आहे. दोन प्लॅनरशी बोलणं झालं. पहिल्या बाई एकूण खर्चाच्या 12 टक्के मागतात. दुसरे गृहस्थ उक्ती रक्कम सांगतात, खर्च कितीही होवो. रुपयांत बोलत नाही, सोपं जावं म्हणून आमचा एकूण अंदाज 1000 धरा. म्हणजे पहिल्या बाईंचे 120, दुसऱ्यांचे 70.

घरात सगळ्यांचं म्हणणं की यात विचारायचं काय, 50 वाचतात, उक्तं देऊन मोकळं व्हा. माझं मन तयार होत नाहीये. दोघांनाही मी सरळ विचारलं होतं की तुम्हाला व्हेंडरकडून काही मिळतं का. बाई म्हणाल्या, "आमच्याकडचे दर सगळ्यांना सारखेच असतात." हे काही उत्तर नव्हे. दुसरे म्हणाले, "तो आमचा आणि त्यांचा व्यवहार, तुमच्यावर त्याचा भार नाही." म्हणजे मिळतं.

तर प्रश्न असा: टक्केवारीत प्लॅनर खर्च फुगवतो, उक्त्यात फुगवत नाही, हे खरं का? आणि कमिशन मिळत असेल तर फीची तुलना करायची कशी?

रानवारा

उक्तं. डोळे मिटून उक्तं. खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते त्याच्या हातात खर्चाची किल्ली द्यायची नाही.

मीनल२

आम्ही प्लॅनर घेतलाच नाही. हॉलचाच कोऑर्डिनेटर होता, फुकट. सगळं त्यानेच पाहिलं. सायली, तुमच्या हॉलला विचारा ना, कशाला 70 आणि 120?

जुनी_वही

मीनल, हॉलचा कोऑर्डिनेटर हॉलचं काम बघतो. गाड्या कुठे लावायच्या, वीज किती लागेल, जेवणाचा हॉल किती वाजता उघडायचा. त्याचा पगार हॉल देतो. तुमच्या फोटोग्राफरला उशीर झाला तर तो फोन करणार नाही आणि हॉलचंच बिल चुकलं असेल तर तुमच्या बाजूने भांडणार तर नाहीच. तुमचं निभावलं, छान झालं, पण सायलीचा प्रश्न वेगळा आहे.

हिशेबनीस

सायलीताई, तुमचं मन तयार होत नाहीये ते योग्यच आहे, कारण 70 आणि 120 हे तुलनेचे आकडेच नव्हेत. प्लॅनरच्या हातात एकूण किती पडतं ते बघायचं.

तुमच्या 1000 ची साधारण फोड अशी धरू: हॉल आणि जेवण 450, सजावट 200, फोटो-व्हिडिओ 100, ध्वनी आणि प्रकाश 80, पाहुण्यांची राहण्या-प्रवासाची सोय 120, किरकोळ 50. आता दुसरे गृहस्थ सजावट, फोटो आणि ध्वनी-प्रकाश यांवर 10 टक्के आणि हॉल-जेवणावर 5 टक्के घेतात असं समजा. हे माझं गृहीतक आहे, तुमच्याकडे वेगळं असेल. पहिल्या तिन्हींचे मिळून 380, त्याचे 38. हॉल-जेवणाचे साडेबावीस. झाले 60.5. फीचे 70 मिळवा, 130.5. म्हणजे स्वस्त वाटणारा माणूस 120 वालीपेक्षा महाग पडला, फक्त अर्धी रक्कम तुम्हाला दिसली नाही.

आणि बाईही तसंच कमिशन घेत असतील तर त्यांचे 180.5 होतात. म्हणून टक्के की उक्तं हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न: तुमच्याशिवाय आणखी कोण पैसे देतंय?

सडेतोड

हिशेबनीस, गणित बरोबर, निष्कर्ष चूक. ते 60.5 सायलीच्या खिशातून जातच नाहीत. व्हेंडर ते स्वतःच्या नफ्यातून देतो, जाहिरातीचा खर्च समजून. ती थेट गेली तरी डेकोरेटर 200 च सांगणार. मग प्लॅनरला त्यातले 20 मिळाले तर तिचं काय गेलं? उलट कमिशनमुळेच त्याला 70 मध्ये काम परवडतं. कमिशन बंद करा, तो 130 मागेल.

रानवारा

सडेतोड, तुम्ही प्लॅनर आहात का?

सडेतोड

नाही हो. दोन मुलींची लग्नं केली आहेत. दोन्ही उत्तम झाली आणि कोणाला किती मिळाले ते मी विचारलं नाही.

फुलोरा

मी लग्नांची सजावट करतो आणि प्लॅनरना कमिशन देतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

सडेतोड यांचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत खरं आहे. थेट आलेल्या ग्राहकावर माझा वेळ जास्त जातो. चार वेळा भेटी, रंग बदलणं, मध्येच मामांना वेगळं काहीतरी हवं असणं. प्लॅनर हे सगळं गाळून माझ्याकडे पक्की यादी आणतो. त्यामुळे मी त्याला थोडं दिलं तरी माझं नुकसान नाही आणि थेट ग्राहकालाही मी तोच दर सांगतो.

पण कमिशन वाढत गेलं की चित्र बदलतं. मग दोनच वाटा उरतात. एक म्हणजे दर वाढवून सांगणं. प्लॅनरच सांगतो, "कोटेशन 220 चं पाठवा." दुसरी वाट ग्राहकाला कधीच दिसत नाही. दर तोच ठेवायचा आणि माल कमी करायचा. स्टेजच्या पुढच्या भागात ताजी फुलं, मागच्या कमानीत अर्धी कृत्रिम. आठ माणसांच्या जागी सहा लावायची. दिव्यांचा जादा संच आणायचाच नाही, म्हणजे एक बंद पडला की तो कोपरा रात्रभर अंधारात. फोटोत सगळं भरलेलंच दिसतं.

म्हणून माझ्याकडून कोटेशन घेताना एकच आकडा घेऊ नका. कमानीची लांबी-उंची, ताजी फुलं कुठे आणि कृत्रिम कुठे, माणसं किती, काम किती वाजता पूर्ण, हे लिहून मागा. ज्याचा हेतू साफ आहे तो लिहून देतो. "पॅकेज आहे, काळजी करू नका" म्हणणारा देत नाही.

सायली_प

फुलोरा, मनापासून आभार. हे कोणी सांगत नाही. एक विचारू? कमिशन तुम्ही देता कधी? काम मिळाल्यावर की नंतर?

फुलोरा

नंतर. ग्राहकाचं शेवटचं पेमेंट माझ्याकडे जमा झालं की मग.

हिशेबनीस

थांबा, या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

प्लॅनर नेमायचं मोठं कारण कोणतं? आयत्या वेळी काम कमी पडलं तर आपल्या बाजूने उभं राहून म्हणणारं कोणीतरी हवं, की हे पूर्ण करा, तोवर उरलेली रक्कम मिळणार नाही. लग्नघरातली माणसं त्या दिवशी ते करू शकत नाहीत. आता फुलोरा सांगतात त्याप्रमाणे प्लॅनरचं कमिशन शेवटच्या पेमेंटनंतर सुटतं. म्हणजे पैसे अडवायचं काम ज्याला दिलंय, त्याचे स्वतःचे पैसे तिथेच अडकलेत. तुम्ही डेकोरेटरचे 20 कापायला निघालात तर त्याचेही 2 कापले जातात, शिवाय पुढच्या कामांसाठीचे संबंध बिघडतात ते वेगळंच. तो काय सांगेल? "जाऊ द्या, शुभकार्य आहे, आज वाद नको."

सडेतोड विचारतात तिचं काय गेलं. हे गेलं. दरात फरक पडला नाही असं मानलं तरी हे गेलंच.

सडेतोड

हा मुद्दा मान्य. दराबाबत माझं मत तेच आहे.

निशिगंध_क

आमचा अनुभव लिहिते, उक्त्या फीचाच आहे. मुलाच्या लग्नाला उक्ती फी ठरली होती. कागदावर लिहिलं होतं "संपूर्ण नियोजन". पुढे पाहुणे वाढले, एक कार्यक्रम वाढला. तेव्हापासून प्लॅनरबाई फोन उचलेनात. उचलला तर "हे आपल्या ठरलेल्यात नव्हतं." प्रत्यक्ष दिवशी त्यांची दोनच माणसं होती, एक दाराशी आणि एक स्टेजपाशी. पाहुण्यांना आणायला गाड्या कोण पाठवणार हे कोणालाच माहीत नव्हतं, शेवटी माझे दीर दिवसभर फोनवर. लग्नानंतर जादा कामाचं वेगळं बिल आलं. "संपूर्ण" या शब्दात किती माणसं, किती तास, किती कार्यक्रम यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे वाद घालायलाही कागद नाही.

रानवारा म्हणतात डोळे मिटून उक्तं. उक्त्यात तर डोळे जास्तच उघडे लागतात.

रानवारा

निशिगंधताई, पटलं. तरीही टक्केवारीचं कोडं राहतंच. खर्च वाढवण्यात तिचा फायदा आहे ना?

हिशेबनीस

आहे, पण किती तेही बघा. सजावट 200 वरून 240 केली तर 12 टक्केवालीला 4.8 जास्त मिळतील. वर 10 टक्के कमिशन असेल तर आणखी 4. म्हणजे वाढलेल्या 40 मधले जवळपास 9 तिचे. उलट तिने घासाघीस करून 200 चं 170 वर आणलं, तर फीत 3.6 आणि कमिशनमध्ये 3 तिने स्वतःच्या मेहनतीने घालवले. असं कोणी कशाला करेल? कमिशन न घेणाऱ्या उक्तेवाल्याचं यात काही जात नाही आणि काही वाढतही नाही. तो घासाघीस करेलच असं नाही, पण निदान विरुद्ध बाजूला उभा नसतो.

टक्केवारीच हवी असेल तर एक तोड आहे. टक्के प्रत्यक्ष खर्चावर लावायचे नाहीत, सुरुवातीला दोघांनी सही केलेल्या अंदाजावर लावायचे. अंदाज 1000 तर फी 120. पुढे खर्च 1150 झाला तरी 120 आणि तिने 900 त बसवलं तरी 120. काम खरोखर वाढलं, म्हणजे कार्यक्रम किंवा पाहुणे वाढले, तरच फी नव्याने ठरेल. महागडा पडदा निवडला म्हणून नाही.

जुनी_वही

आणि टक्के कशाकशावर तेही ठरवा. घरच्यांनी आधीच ठरवलेला हॉल, दागिने, कपडे, यांत प्लॅनरचा हात नसतो, तरी "एकूण खर्च" म्हटलं की सगळं आत येतं. सायलीचे 450 हॉल-जेवणाचे आहेत. हॉल तुम्हीच ठरवला असेल तर त्या भागावर 12 टक्के कशाचे?

सायली_प

अरे हो! हॉल वडिलांनीच ठरवलाय, बयाणाही दिलाय. जेवण मात्र बाहेरच्या केटररचं, तो प्लॅनर आणणार.

गंधाली

मी याच व्यवसायात आहे. फुलोरा यांच्यासारखीच माझीही बाजू मांडते.

प्लॅनरला लुटारू समजण्याआधी एक बघा. आमचं काम दिसत नाही. सहा-आठ महिने फोन, वेळापत्रकं, कोटेशनांची तुलना, पाहुण्यांच्या खोल्यांची यादी रोज बदलणं. या वेळेची खरी किंमत सांगितली की समोरचं कुटुंब उठून जातं आणि 70 सांगणाऱ्याकडे बसतं. मग तो 70 वाला उरलेले कुठून काढतो हे कोणी विचारत नाही. कमिशनची ही पद्धत ग्राहकांच्या या सवयीवरही पोसली गेली आहे आणि हे मी रागाने नाही, काळजीने लिहितेय.

मी स्वतः उक्ती फी घेते आणि करारात लिहून देते की व्हेंडरकडून पैसा, सूट, भेट, काहीही मिळालं तर ते ग्राहकाच्या बिलातून वजा होईल. बिलं थेट ग्राहकाच्या नावाने आणि पेमेंटही थेट व्हेंडरला. माझ्या खात्यातून व्हेंडरचा पैसा फिरतच नाही. त्यामुळे माझी फी जास्त दिसते आणि कामं हातची जातात. तरी मला हेच झोप लागू देणारं वाटतं.

एक वेगळी पद्धतही आहे आणि ती अप्रामाणिक नाही. काही जण सगळं लग्नच अंगावर घेतात. एक आकडा सांगतात, व्हेंडर स्वतः नेमतात, नफा-तोटा त्यांचा. तिथे त्यांनी डेकोरेटरला 150 दिले की 180 हे विचारायचा ग्राहकाला हक्क नाही, कारण त्याने वस्तू विकत घेतली आहे, सल्ला नाही. घोळ होतो तो दोन्ही एकत्र केलं की. सल्लागार म्हणून फी घ्यायची आणि दुकानदार म्हणून नफाही. सायली, त्या दोघांना हेच विचारा की तुम्ही यातले कोण.

हिशेबनीस

गंधालीताई, याहून स्वच्छ मांडता येणार नाही. एकच शंका. कमिशन ग्राहकाला परत देण्यापेक्षा व्हेंडरने दरच कमी करावा असं नाही का? परत देण्यात पुन्हा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

गंधाली

दर कमी व्हावा असाच माझा आग्रह असतो. पण काही व्हेंडर ऐकत नाहीत. त्यांना बाजारात आपला दर उतरलेला दिसायला नको असतो, म्हणून कोटेशन 200 चंच देतात आणि 20 नंतर देतो म्हणतात. अशा वेळी मी त्याच कोटेशनवर "सूट 20" असं लिहून घेते. तेही नाकारलं तर दुसरा व्हेंडर बघते. दर वेळी दुसरा तितका चांगला मिळतोच असं नाही, हे खरं.

फुलोरा

मी सूट लिहून देतो. पण सगळेच प्लॅनर ती मागत नाहीत. मी कमिशन नाकारलं म्हणून यादीतून नाव गेल्याचं मी अनुभवलंय. तुमच्यासमोर तीन डेकोरेटरची नावं आली तर ती चांगले तिघे म्हणून आली की देणारे तिघे म्हणून, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. एक उपाय आहे. प्रत्येक कामासाठी एक नाव तुमच्याकडून घाला आणि मोजमापांची तीच यादी त्यालाही द्या. प्लॅनर त्या नावात लगेच खोडी काढायला लागला, न भेटताच, तर समजून घ्या.

मीनल२

आमच्या हॉलच्या कोऑर्डिनेटरने पण डेकोरेटर त्याच्याच यादीतला घ्यायला लावला होता. बाहेरचा आणला तर वेगळे पैसे लागतील म्हणाला. म्हणजे ते पण यातलंच?

फुलोरा

कधीकधी. हॉलच्या यादीत नाव राहावं म्हणून आम्ही हॉललाही देतो. काही हॉल ते उघड सांगतात, बाहेरच्या माणसाने नुकसान केलं तर जबाबदारी कोणाची, हे कारणही खरं असतं.

रानवारा

मग फुकट काहीच नव्हतं, मीनल.

मीनल२

आता कळतंय. पण लग्न छान झालं हो!

सायली_प

सगळ्यांचे आभार. दोघांना पुन्हा भेटले आणि हे तीन मुद्दे ठेवले: बिलं आमच्या नावाने आणि पेमेंट थेट, व्हेंडरकडून जे मिळेल ते आमच्या बिलातून वजा, आणि शेवटचं पेमेंट काम बघून आम्ही सांगू तेव्हाच.

बाईंनी पहिले दोन्ही लगेच मान्य केले. हॉल वगळून फी लावायलाही तयार झाल्या. हॉलचे 200 बाजूला काढले तर अंदाज 800 चा उरतो, त्याचे 12 टक्के 96, आणि हा आकडा गोठवलेला. शेवटच्या पेमेंटवर मात्र म्हणाल्या, "माझे व्हेंडर आदल्या दिवशी पूर्ण पैसे घेतात."

दुसरे गृहस्थ आधी नाराज झाले. मग दुसऱ्या दिवशी फोन आला की हे सगळं हवं असेल तर फी 70 नाही, 105. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. 70 मध्ये काय नव्हतं ते त्यांनी आकड्यातच सांगितलं.

सडेतोड

बघा, मी म्हणालो होतो, कमिशन बंद केलं की फी वाढेल.

हिशेबनीस

वाढली, पण तुम्ही म्हणालात तशी 130 वर नाही, 105 वर. आणि सायलीताईंना ती आता दिसते.

बाईंच्या आदल्या दिवशीच्या अटीबद्दल: फुलं, माणसं, वाहतूक यांचा रोख खर्च व्हेंडरला आधीच करावा लागतो, त्यामुळे बरीचशी रक्कम आधी मागणं गैर नाही. पण सगळी नको. थोडा भाग, 10 टक्के का होईना, कार्यक्रमानंतरचा ठेवा. फोटोग्राफरच्या बाबतीत हा भाग मोठा ठेवा, कारण त्याचं अर्धं काम लग्नानंतरच सुरू होतं.

फुलोरा

10 टक्के मागे ठेवायला मी तरी नाही म्हणणार नाही. 30 म्हणालात तर म्हणेन.

निशिगंध_क

सायली, 105 मध्ये किती कार्यक्रम, किती पाहुणे, त्या दिवशी त्यांची किती माणसं, हे लिहून घेतलंत का? आणि पाहुणे वाढले तर किती वाढेपर्यंत तीच फी?

सायली_प

निशिगंधताई, माणसं आठ लिहून दिलीत आणि कार्यक्रम तीन. पाहुण्यांचं राहिलंय. उद्या विचारते. केटररचं कोटेशन अजून दोघांकडूनही ताटामागेच आलंय, त्यात कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील ते लिहिलेलं नाही.

जुनी_वही

ते आधी लिहून घ्या. तो आकडा पाहुण्यांच्या खऱ्या अंदाजापेक्षा जास्त निघाला तर तो कोणी सुचवला तेही विचारा. आणि बाईंचे 96 कर धरून आहेत की वगळून?

सायली_प

हे पण विचारलं नव्हतं. लिहून ठेवलं.